चालू बेरजेचा रकाना

गृहनिर्माण संस्थेचा खजिनदार महिन्याअखेरीस ठेकेदारांच्या बिलांचा जो तक्ता करतो, त्यात दोन देणी एकाच वेळी ठरतात. ठेकेदाराच्या हाती किती द्यायचे हे एक, आणि त्याच्या नावावर सरकारात किती भरायचे हे दुसरे. ही दुसरी रक्कम म्हणजे मूळ स्रोतावरची करकपात, सगळ्यांच्या तोंडी असलेला टीडीएस. ठेकेदारांसाठीचे कलम १९४सी आयकर कायद्यात १९७२ सालापासून आहे. सहकारी संस्था त्यात स्पष्ट शब्दांत येते, त्यामुळे साठ सदनिकांची सोसायटीही कंपनीसारखीच कपात करायला बांधलेली आहे. 'आम्ही कुठे धंदा करतो?' हा सभेत हमखास येणारा प्रश्न इथे लागू पडत नाही. संस्थेला टॅन क्रमांक घ्यावा लागतो आणि कपात करावी लागते.

कलमातली मर्यादा दुहेरी आहे. ठेकेदाराला एका वेळी दिलेली किंवा त्याच्या खात्यावर जमा दाखवलेली रक्कम ३०,००० रुपयांपेक्षा जास्त असेल, तर तेवढ्या रकमेवर कपात होते. एकेक बिल ३०,००० च्या आत असले, तरी आर्थिक वर्षातली एकूण रक्कम १,००,००० च्या पुढे गेली की कपात लागू होते. दर मात्र सोपा आहे. ठेकेदार व्यक्ती किंवा हिंदू अविभक्त कुटुंब असेल तर १ टक्का, भागीदारी संस्था, कंपनी किंवा इतर कोणी असेल तर २ टक्के. २०२५ च्या अर्थसंकल्पात टीडीएसच्या बऱ्याच मर्यादा वाढल्या, पण ठेकेदारांच्या या दोन आकड्यांना हात लागला नाही.

दर ठरवताना फलकावरच्या नावाला काही अर्थ नसतो. एकट्या माणसाने चालवलेल्या धंद्याच्या पाटीवर 'एंटरप्रायझेस' किंवा 'असोसिएट्स' असले, तरी बिलावर पॅन त्या माणसाचाच असतो आणि दर १ टक्काच लागतो. पॅनचे चौथे अक्षर पाहिले की उलगडा होतो. 'पी' म्हणजे व्यक्ती, 'एच' म्हणजे अविभक्त कुटुंब, 'एफ' म्हणजे भागीदारी, 'सी' म्हणजे कंपनी. तक्त्यातला दराचा रकाना या अक्षरावरून भरावा, बिलाच्या डोक्यावरचे नाव वाचून नव्हे.

कर कोणत्या रकमेवर कापायचा हे त्यानंतर ठरते. बिलात जीएसटी वेगळा दाखवला असेल तर तो वगळून उरलेल्या रकमेवर कपात करायची, असे केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने १९ जुलै २०१७ च्या परिपत्रकात सांगितले आहे. 'सर्व करांसह' असे लिहून एकच आकडा टाकलेले बिल आले, तर पूर्ण आकड्यावर कपात होते. साहित्याबद्दलचा गैरसमज याहून जुना आहे. रंगारी स्वतःचा रंग आणतो, म्हणून रंगाची किंमत वजा करून फक्त मजुरीवर कर कापायचा, असे अनेक ठिकाणी चालते. साहित्य वगळण्याची सवलत मात्र वेगळ्याच व्यवहारासाठी आहे. काम देणाऱ्याकडूनच माल विकत घेऊन ठेकेदाराने त्याच्या मापाबरहुकूम वस्तू बनवून दिली आणि मालाची किंमत बिलात वेगळी दाखवली, तरच ती मिळते. इमारत रंगवण्याच्या कामात रंग, पुट्टी, परांची, मजुरी असे सारे धरून जे बिल होते त्यावर कपात येते.

इथवर फारसे कोणी चुकत नाही. चुका होतात त्या एक लाखाच्या रेषेवर. ती रेषा ओलांडली की कपात फक्त वरच्या रकमेवर करायची, की त्या बिलावर, की वर्षाच्या पहिल्या रुपयापासून? कायद्याची भाषा अशी आहे की वर्षभरातल्या रकमांची बेरीज एक लाखाच्या पुढे गेली, की त्या साऱ्या रकमांवर कपातीची जबाबदारी येते. म्हणजे आधी बिनकपातीची गेलेली बिलेही मागे वळून मोजावी लागतात. म्हणून या तक्त्यातला सर्वांत महत्त्वाचा रकाना दराचा नसून चालू बेरजेचा आहे. त्या ठेकेदाराला १ एप्रिलपासून आजपर्यंत किती दिले, हे प्रत्येक ओळीत दिसले पाहिजे.

एका काल्पनिक संस्थेचे २०२५-२६ चे वर्ष घेऊ. तिचा प्लंबर एकटा काम करणारा गृहस्थ आहे, जीएसटीत नोंदलेला नाही. एप्रिलमध्ये त्याचे १८,००० चे बिल आले, मेमध्ये २७,०००, जूनमध्ये २४,००० आणि जुलैमध्ये २६,०००. एकही बिल ३०,००० च्या वर नाही आणि चालू बेरीज ९५,००० वर थांबली आहे. तोपर्यंत कपात शून्य. ऑगस्टमध्ये गच्चीवरच्या टाकीच्या कामाचे १२,००० चे बिल येते आणि बेरीज १,०७,००० होते. कोणी वरच्या ७,००० वर १ टक्का काढून ७० रुपये कापतो, कोणी त्या बिलावर १२० कापतो. बरोबर आकडा १,०७,००० चा १ टक्का, म्हणजे १,०७० रुपये. प्लंबरच्या हाती १०,९३० पडतात. सप्टेंबरच्या २०,००० च्या बिलाला मात्र फक्त २०० रुपये कापले जातात, कारण मागची बाकी ऑगस्टमध्येच फिटलेली असते. ऑगस्टमध्ये एवढे का कापले, असे प्लंबर विचारणारच. त्याला चालू बेरजेची ओळ दाखवावी, ती सगळे सांगते.

रंगकाम करणाऱ्या भागीदारी संस्थेचा हिशेब थोडा गुंतागुंतीचा आहे, कारण तिथे दोन्ही मर्यादा एकाच वर्षात लागतात. मेमध्ये तिचे मूळ बिल ३५,००० चे होते. एकट्यानेच ३०,००० ओलांडल्यामुळे तिथेच २ टक्के, म्हणजे ७०० रुपये कापले गेले. जुलैचे बिल २८,००० चे आले. बेरीज ६३,००० आणि बिल मर्यादेच्या आत, म्हणून कपात नाही. ऑगस्टमध्ये ४५,००० चे बिल येऊन बेरीज १,०८,००० झाली. त्यावर २ टक्के म्हणजे २,१६०. त्यातून आधी कापलेले ७०० वजा केले की १,४६० उरतात, आणि ते या बिलातून कापायचे. एकट्या ४५,००० वर ९०० कापून मोकळे झाले असते, तर जुलैच्या २८,००० वरचे ५६० सुटून गेले असते. संस्थांच्या हिशेबात असे सुटलेले आकडे बहुधा लेखापरीक्षकालाच सापडतात, तेही वर्ष उलटल्यावर.

कायद्यात आणखी एक शब्दयोजना आहे. दिलेल्याच नव्हे, तर वर्षात देण्याची शक्यता असलेल्या रकमाही बेरजेत धरायच्या आहेत. साफसफाईचा ठेका घेणाऱ्या बाईंशी संस्थेचा वर्षभराचा करार आहे, दरमहा २४,००० रुपयांचा. बिल कधीच ३०,००० ओलांडणार नाही आणि चालू बेरीज ऑगस्टमध्येच लाखापलीकडे जाईल. पण वर्षाचे २,८८,००० होणार हे एप्रिलमध्येच ठाऊक आहे. म्हणून पहिल्या महिन्यापासून २४० रुपये कापायचे. प्लंबरच्या बाबतीत असे आधी ठाऊक नव्हते, म्हणून त्याची कपात रेषा ओलांडल्यावर आली. हा फरक तक्त्याला आपोआप कळत नाही. त्यासाठी 'वार्षिक करार आहे का' असा एक रकाना ठेवावा लागतो.

तक्ता एक्सेलमध्ये करायचा तर रकाने असे मांडता येतात: ए मध्ये नोंदीची तारीख, बी मध्ये पॅन, सी मध्ये करार असल्यास 'वाय' हे अक्षर, डी मध्ये जीएसटी वगळून मूळ रक्कम, ई मध्ये जीएसटी, एफ मध्ये दर, जी मध्ये चालू बेरीज, एच मध्ये टीडीएस आणि आय मध्ये ठेकेदाराला देय रक्कम. पहिली ओळ शीर्षकांची. दुसऱ्या ओळीतली तीन सूत्रे अशी:

```
G2: =SUMIFS(D$2:D2,B$2:B2,B2)
H2: =IF(OR(G2>100000,C2="Y"),
      ROUND(G2*F2,0)-SUMIFS(H$1:H1,B$1:B1,B2),
      IF(D2>30000,ROUND(D2*F2,0),0))
I2: =D2+E2-H2
```

पहिले सूत्र त्याच पॅनच्या या ओळीपर्यंतच्या रकमा जमवते. दुसरे आधी विचारते की बेरीज लाखापलीकडे गेली का, किंवा करार वार्षिक आहे का. तसे असेल तर संपूर्ण बेरजेवरचा कर काढून त्यातून आतापर्यंत कापलेला वजा करते. नसेल तर बिल एकट्याने ३०,००० च्या वर आहे का एवढेच पाहते. प्लंबरचे १,०७० आणि रंगकामाचे १,४६० याच सूत्रातून येतात. डॉलरचे चिन्ह फक्त सुरुवातीच्या ओळीच्या आकड्याला आहे, शेवटच्या नाही. त्यामुळे सूत्र खाली ओढले की पट्टा एकेका ओळीने वाढत जातो. ओळी मात्र तारखेच्या क्रमाने भरायला हव्यात. जूनचे विसरलेले बिल ऑगस्टच्या खाली टाकले तर बेरीज बरोबर येते, पण जूनचा कर भलत्या ओळीत दिसतो.

तारखेच्या रकान्यात धनादेशाची तारीख लिहिण्याची सवय सोडावी लागते. खात्यावर जमा दाखवणे किंवा प्रत्यक्ष पैसे देणे, यांतले जे आधी होईल तेव्हा कपात करायची असते. ३० ऑगस्टला खतावणीत नोंदवलेल्या बिलाचे पैसे सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात दिले, तरी कर ऑगस्टचा. याउलट काम सुरू होण्याआधी उचल दिली असेल, तर कपात त्या उचलीच्या दिवशीच होते. पुढे पूर्ण बिल आले की उचल वजा करून उरलेलीच रक्कम तक्त्यात घ्यावी. नाहीतर तीच रक्कम चालू बेरजेत दोनदा बसते.

ऑगस्टमध्ये या चौघांत चौथी आहे ती सुरक्षारक्षक पुरवणारी कंपनी. तिचे दरमहा ६०,००० आणि त्यावर १८ टक्के जीएसटी. तिथे विचार करण्यासारखे काही नाही, दर महिन्याला १,२०० कापले जातात. महिन्याचा गोषवारा असा उतरतो:

| ठेकेदार | मूळ रक्कम | जीएसटी | टीडीएस | देय |
|---|---|---|---|---|
| सुरक्षा (कंपनी) | ६०,००० | १०,८०० | १,२०० | ६९,६०० |
| साफसफाई (व्यक्ती) | २४,००० | – | २४० | २३,७६० |
| प्लंबर (व्यक्ती) | १२,००० | – | १,०७० | १०,९३० |
| रंगकाम (भागीदारी) | ४५,००० | ८,१०० | १,४६० | ५१,६४० |
| एकूण | १,४१,००० | १८,९०० | ३,९७० | १,५५,९३० |

संस्थेच्या खात्यातून शेवटी १,५९,९०० रुपयेच जायचे आहेत. त्यातले १,५५,९३० ठेकेदारांकडे आणि ३,९७० सरकारकडे. कपात केल्याने संस्थेचा खर्च कमीही होत नाही आणि वाढतही नाही. तरीही महिन्याची 'देय' बेरीज मांडताना कित्येकजण फक्त ठेकेदारांची रक्कम धरतात आणि ३,९७० रुपये संस्थेची शिल्लक असल्यासारखे खात्यात पडून राहतात. म्हणून गोषवाऱ्यात दोन्ही देणी शेजारी-शेजारी हवीत. महिन्याचा टीडीएस तारखेवरून असा काढता येतो:

```
=SUMIFS(H:H,A:A,">="&DATE(2025,8,1),A:A,"<"&DATE(2025,9,1))
```

पुढच्या महिन्याच्या ७ तारखेपर्यंत हा भरणा करायचा असतो. फक्त मार्चचा कर ३० एप्रिलपर्यंत चालतो. २०२५ मध्ये अनंत चतुर्दशी ६ सप्टेंबरला आली, शनिवारी. ७ तारीख म्हणजे विसर्जनाचा दुसरा दिवस, त्यात रविवार. मांडवाच्या गडबडीत खजिनदाराने भरणा सोमवारवर ढकलला असे समजू. कापलेला कर उशिरा भरला तर दरमहा दीड टक्का व्याज लागते आणि महिन्याचा तुकडाही पूर्ण महिना धरला जातो. व्याज मोजायला सुरुवात होते ती कपातीच्या तारखेपासून, ७ तारखेपासून नव्हे. त्यामुळे ऑगस्टमध्ये कापलेला कर एक दिवस उशिरा भरला तरी ऑगस्ट आणि सप्टेंबर असे दोन महिने मोजले जाऊन ३ टक्के लागू शकतात. ३,९७० वर हे ११९ रुपये होतात. आकडा किरकोळ आहे, पण त्याची सूचना संस्थेच्या नावाने येते आणि पुढच्या सभेत वाचली जाते. कर मुळात कापलाच नसेल, तर त्या काळाचे व्याज दरमहा १ टक्का असते.

तक्ता चुकतो तो बहुधा पॅनच्या रकान्यात. पॅन न देणाऱ्या ठेकेदाराला १ किंवा २ नव्हे, २० टक्के दर लागतो. आधारशी न जोडल्यामुळे निष्क्रिय झालेल्या पॅनलाही तोच नियम आहे. अशा ठेकेदाराच्या ओळीत पॅनची चौकट रिकामी ठेवली, तर वरचे पहिले सूत्र रिकाम्या चौकटीला शून्य समजते, जुळणारी एकही ओळ त्याला सापडत नाही आणि चालू बेरीज शून्य दाखवते. म्हणजे ज्याच्यावर सर्वांत जास्त कर कापायचा, तोच लाखाची रेषा कधी ओलांडत नाही. रकाना हिरवागार दिसतो, कुठे त्रुटीची खूण येत नाही. उपाय साधा आहे. पॅन नसलेल्या प्रत्येक ठेकेदाराला स्वतंत्र सांकेतिक नाव द्यावे, जसे `NOPAN-1`, आणि चालू बेरजेत शून्य दिसणारी ओळ दिसली की थांबून पाहावे. पॅनच्या मागेपुढे चुकून पडलेली मोकळी जागाही असाच घोळ करते. एकच माणूस दोन ठेकेदार होतो आणि दोघेही लाखाच्या आत राहतात.

वीस टक्क्यांचा फटका केवढा असतो, हे रेषेवर कळते. पॅन न दिलेल्या एखाद्या सुताराची २४,५०० ची चार बिले झाली, एकूण ९८,०००. पाचवे ८,००० चे आले आणि बेरीज १,०६,००० झाली. वीस टक्के म्हणजे २१,२०० रुपये, आणि कापायला हातात बिल आहे ८,००० चे. देय रकमेच्या रकान्यात उणे १३,२०० उमटतात. ही सूत्राची चूक नव्हे, आकडा खरा आहे. ते पैसे सुताराकडून वसूल झाले नाहीत तर संस्थेलाच भरावे लागतात, म्हणजे सभासदांच्या मासिक वर्गणीतून. म्हणून पॅनची प्रत पहिल्या बिलासोबत घ्यावी, पाचव्यासोबत नव्हे.

उलट प्रकारही घडतो. आधी २० टक्क्यांनी कापलेल्या ठेकेदाराने वर्षाच्या मध्यावर पॅन आणून दिला आणि दर १ टक्का केला, की सूत्र संपूर्ण बेरजेला १ टक्का लावते, आधीची मोठी कपात वजा करते आणि टीडीएसच्या रकान्यात उणे आकडा येतो. तो आकडा पाहून ठेकेदाराला पैसे परत देऊ नयेत. सरकारात भरलेला कर त्याने आपल्या विवरणपत्रातून परत मागायचा असतो. त्या नावापुरते सूत्र बाजूला ठेवून पुढच्या प्रत्येक बिलावर १ टक्का हाताने लिहिणे हेच बरे. दर वर्षभर एकच राहील, हे या सूत्राचे गृहीतक आहे आणि तीच त्याची मर्यादा.

तपासणीसाठी एक सवय पुरते. बारा महिन्यांच्या टीडीएसची बेरीज आणि एच रकान्याची सरसकट बेरीज शेजारी लिहावी. दोन्हींत फरक असेल, तर कुठेतरी तारीख आकडा म्हणून न बसता अक्षरे म्हणून बसली आहे आणि ती ओळ कोणत्याच महिन्यात मोजली गेलेली नाही. तारीख चौकटीच्या उजव्या बाजूला न सरकता डाव्या बाजूला चिकटलेली दिसली, की बहुधा तीच ओळ असते.

याच तक्त्यावरून २०२५-२६ ची तिमाही विवरणपत्रे नमुना २६क्यू मध्ये भरली जातात. जुलै ते सप्टेंबरचे ३१ ऑक्टोबरपर्यंत. उशीर झाला तर दिवसाला २०० रुपये शुल्क, मात्र ते त्या तिमाहीच्या कराच्या रकमेपेक्षा जास्त होत नाही. विवरणपत्रानंतर ठेकेदाराला नमुना १६ए चा दाखला द्यायचा असतो. प्लंबरच्या १,०७० रुपयांची नोंद त्याच्या पॅनवर चढते ती विवरणपत्रातून. चलन भरले पण विवरणपत्रात त्याचा पॅन चुकला, तर ते पैसे सरकारात असूनही त्याच्या खात्यावर दिसत नाहीत. त्याचे वर्षाचे उत्पन्न करपात्र नसेल, तर परतावा मागायलाही त्याला तीच नोंद लागते.

१ एप्रिल २०२६ पासून आयकर अधिनियम, २०२५ लागू झाला आणि कलम १९४सी चा मजकूर कलम ३९३ च्या कोष्टकात गेला. ३०,००० आणि १,००,००० या मर्यादा आणि १ व २ टक्के हे दर तिथेही तेच आहेत. तक्ता मात्र दर १ एप्रिलला नव्या पानावर सुरू करावा लागतो, कारण त्या दिवशी प्रत्येक ठेकेदाराची चालू बेरीज पुन्हा शून्य होते.